झाकणातली भाजी

योगिनी डोर्लेकरने आपलं बोलणं दोन भागांत पाठ केलं होतं. आधी चव, मग भरवसा. येसूबाईंचं म्हणणं उलट होतं. भुकेल्या माणसाला चव सांगावी लागत नाही, डबा उघडला की त्याची त्यालाच कळते, तेव्हा आधी भरवशाचं बोल, असं त्या दोन दिवस सांगत होत्या. पण येसूबाई स्वयंपाक करायच्या, गिऱ्हाईक बघायच्या नाहीत, म्हणून योगिनीने आपलाच क्रम ठेवला.

नाचणे रोडला दोन खोल्या भाड्याने घेऊन योगिनी डब्यांचं काम करत होती. मागच्या महिन्यापर्यंत काम जोरात होतं, कारण हायवेच्या ठेकेदाराचे इंजिनिअर तिच्याकडे जेवत होते. मग रस्ता पुढे सरकला आणि रस्त्याबरोबर इंजिनिअरही राजापूरकडे सरकले. उरले ते एका लॅबमधले तिघं, दवाखान्यातल्या दोन नर्स आणि एक म्हातारं जोडपं, जे एकच डबा मागवून दोघांत खायचं. जागेचा करार महिनाअखेर संपत होता. पुढे ठेवताय ना, असं मालकाने एकदा अगदी प्रेमाने विचारलं होतं. नाही ठेवली तर पूर्णगडला सासरी परत जायचं आणि जावेबरोबर मासळी सुकत घालायची, हे ठरलेलंच होतं. जावेने खळ्यातली एक बाजू तिच्यासाठी मोकळीसुद्धा करून ठेवली होती, तिने ते फोनवर दोनदा सांगितलं. नवरा अजिंक्य मुंबईला बार्जवर होता. तो म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. हे तो कुठल्याही प्रश्नाला म्हणायचा.

मारुती मंदिरच्या चौकाजवळ एका विमा कंपनीची शाखा होती. तिथे डबा खाणारी दहा-बारा माणसं आहेत असं लॅबमधल्या एकाने सांगितलं. योगिनीने शाखेतल्या शिपायाला, लवूला, फोन करून वेळ घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत नमुन्याचे चार डबे घेऊन जिना चढली.

जेवणाची खोली मागच्या बाजूला होती. दोन लोखंडी टेबलं एकाला एक जोडलेली, भोवती न जुळणाऱ्या खुर्च्या. मधल्या खुर्चीवर गुरुप्रसाद नाटेकर बसले होते. ते दावे विभागात होते. लोकांनी मागितलेले पैसे द्यायचे की नाहीत हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि त्याचा परिणाम चेहऱ्यावर दिसत होता.

योगिनीने चवीबद्दल सांगितलं. मसाला घरी कुटलेला, खोबरं रोजच्या रोज खवलेलं, काल उरलेलं आज डब्यात जात नाही, सोडा कशातही नाही. मग भरवशाबद्दल सांगितलं. पावणेएकला डबा टेबलावर. प्रत्येकाचे दोन डबे, आजचा भरलेला आला की कालचा रिकामा जाणार. उद्या नको असेल तर रात्रीपर्यंत मेसेज करायचा. बोलताना ती एकदाही अडखळली नाही, त्यामुळे तिचं तिलाच जरा संशयास्पद वाटलं.

नाटेकरांनी विचारलं, स्कूटर बंद पडली तर? रिक्षाने येईन. रिक्षा संपावर असतील तर? चालत येईन, नाचणे रोड काही लांब नाही. डबा सांडला तर? त्यावर योगिनीने आमटीची डबी उचलली, उलटी केली आणि सगळ्यांसमोर हलवली. झाकणाला रबर होतं. थेंबही आला नाही. अन्न विभागाची नोंदणी आहे का? तिने मोबाइलवर दाखवली. नाटेकरांनी फोटो मोठा करून तारीख बघितली.

शेवटी तिने आठवड्याचा तक्ता वाटला. हे तिचं खास काम होतं. सोमवारी मटकी, मंगळवारी दुधी, बुधवारी ज्यांना हवी त्यांना माशाची तळलेली तुकडी, असं शनिवारपर्यंत सगळं छापून प्लॅस्टिकमध्ये बसवलेलं. इंजिनिअरांना तो फार आवडला होता. त्यांनी तो भिंतीला चिकटवला होता.

डबे उघडले. वालाचं बिरडं, चपाती, आमटी-भात आणि सोलकढी. सगळ्यांनी थोडं थोडं घेतलं. गुणवंती मॅडमनी दोनदा घेतलं. त्या रोख विभागात होत्या आणि कशालाही पटकन चांगलं म्हणत नसत, असं लवूने नंतर सांगितलं. चपात्या मऊ होत्या, बिरड्याला गूळ बेताचा होता, सगळे एकमेकांना तसं सांगत होते. मनस्वी नावाची एक नवीन लागलेली मुलगी डबी चाटून पुसून मोकळी झाली.

मग योगिनीने वही काढली आणि डबा कोणाकोणाला लावायचा ते विचारलं.

कोणालाच लावायचा नव्हता. एकजण म्हणाला, बघतो. एकीने सांगितलं, घरी विचारते. एकाने तक्ता हातात धरून मान हलवली, पण कुठल्या बाजूला ते कळलं नाही. नाटेकर म्हणाले, तुमचं सगळं व्यवस्थित आहे. हे वाक्य ते दावा नामंजूर करताना वापरत असत, पण योगिनीला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

घरी आल्यावर येसूबाईंनी विचारलं, "काय गो, किती?"

"एकही नाही."

"खाल्लं नाय त्यांनी?"

"सगळं खाल्लं."

येसूबाई विळीवर बसल्या होत्या. योगिनी पूर्णगडला गेली तर येसूबाई कुठे जाणार हा प्रश्न दोघींनी आजपर्यंत काढला नव्हता. आजही काढला नाही. येसूबाई एवढंच म्हणाल्या की बिरड्यात मीठ मी बघून घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी नमुन्याचे रिकामे डबे आणायला योगिनी पुन्हा गेली. खरं तर लवू ते खाली आणून देणार होता, पण ती वर गेली. सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. ती दारातच थांबली, कारण आत काय चाललंय ते तिला आधी नीट समजलं नाही.

सगळ्यांनी आपापले डबे उघडले होते, पण जेवत कोणी नव्हतं. प्रत्येकाने आपल्या डब्याचं झाकण उलटं करून त्यात थोडी भाजी काढली होती आणि ती झाकणं टेबलावरून फिरत होती. नाटेकरांचं झाकण गुणवंती मॅडमकडे, त्यांचं मनस्वीकडे, मनस्वीचं पलीकडे. प्रत्येक झाकण पुढे जाताना त्यावर काहीतरी बोललं जात होतं. वहिनींचा हात आज मिरचीवर सुटलाय. हा फणस झाडावरून काढला की बाजारातून आणला? मॅडम, तुमच्या सासूबाई रागावल्या आहेत का, भेंडी कापलीय की तोडलीय? त्यावर गुणवंती मॅडमनी शांतपणे सांगितलं की भेंडी मीच कापली. झाकणं एक फेरा करून आपापल्या जागी आली तेव्हा कुठे सगळ्यांनी पहिला घास घेतला.

नाटेकरांनी तिला दारात बघितलं. आत या म्हणाले, एक झाकण पुढे केलं. योगिनीने फणसाची भाजी हातावर घेतली आणि कालचा प्रश्न सरळच विचारला. जेवण आवडलं नाही का?

नाटेकरांना बहुधा खोटं बोलणं जमत नव्हतं, किंवा सुट्टीत जमत नव्हतं.

"जेवण चांगलंच आहे हो. आमच्या हिच्यापेक्षा चांगलं आहे, हे मी इथेच बोलतो, घरी बोलत नाही. पण ताई, सगळ्यांनी तुमचा डबा लावला तर बाराच्या बारा डब्यांत दुधी. मग मी माझा दुधी मॅडमना देऊन त्यांच्याकडून दुधी घेऊ?"

टेबलावर कोणी हसलं नाही. हा विचार सगळ्यांनी आधीच केलेला दिसत होता.

"आणि तो तक्ता," गुणवंती मॅडम म्हणाल्या, "गुरुवारी काय आहे ते सोमवारीच कळलं तर गुरुवारी डबा उघडायचा कशाला?"

योगिनीने दोन वर्षं इंजिनिअरांना जेवायला घातलं होतं. इंजिनिअर आपापल्या खोलीत मोबाइल बघत जेवायचे. त्यांच्यासाठी डबा म्हणजे पोट होतं. इथे डबा म्हणजे काय होतं ते तिने आता पाहिलं होतं, पण त्याचं करायचं काय ते तिला सुचेना. तिने डबे पिशवीत भरले.

ती जिन्याच्या तोंडाशी आली तेव्हा समोरून एक गृहस्थ वर आले. पन्नाशीपुढचे, हातात काही नाही, ओठांच्या कडेला सांबाराचा डाग. ते सरळ आपल्या कामाच्या टेबलाशी जाऊन फाइल उघडून बसले. सुट्टी अजून अर्धी बाकी होती.

लवू तिला सोडायला खालपर्यंत आला. त्याने सांगितलं, हे वानखडे साहेब, यवतमाळचे. बदली होऊन आलेत, बायको तिकडेच, मुलीची बारावी आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवतात. नाटेकरांनी बोलावलं होतं त्यांना टेबलावर. दोनदा आले, मग यायचे बंद झाले.

"का?"

"वहिनी, सगळ्यांचं झाकण फिरतं. त्यांच्याकडे झाकणच नाय. नुसतं घ्यायला कोण बसेल?"

योगिनी पिशवी लवूच्या हातात देऊन पुन्हा वर गेली. या वेळी तिने काहीच पाठ केलेलं नव्हतं. वानखड्यांना तिने सांगितलं की मी डबे देते. ते म्हणाले, माहीत आहे, काल वास आला. तिने विचारलं, लावता का?

वानखड्यांनी फाइल बंद केली. मग त्यांनी भाव विचारला नाही, वेळ विचारली नाही. त्यांनी विचारलं, "इथं कोणाच्याच डब्यात येत नाही, असं काही देता येईल का?"

"तुमच्या घरी काय करतात?"

"पाटोडी," वानखडे म्हणाले. "रश्श्याची."

त्यांनी बायकोचा नंबर दिला. त्या रात्री यवतमाळहून कृती आली. बेसन शिजवून थापायचं, वड्या पाडायच्या, रस्सा वेगळा करायचा, तो काळ्या मसाल्याचा आणि लालभडक, वड्या जेवायच्या वेळीच सोडायच्या. येसूबाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, आणि खोबरं? ओल्या खोबऱ्याचं काही बोलल्या नाहीत, योगिनी म्हणाली. सांगायला विसरली असेल बिचारी, येसूबाई म्हणाल्या आणि सकाळी त्यांनी अर्धा नारळ वाटून रश्श्यात घातला. वर दोन आमसुलंही टाकली. योगिनी चपात्या लाटत होती. तिला ते दिसलं तेव्हा रस्सा उकळत होता आणि रंगाने फिकट नारिंगी झाला होता.

आता दुसरं करायला वेळ नव्हता. पावणेएकचा शब्द दिलेला होता. वड्या एका डबीत, रस्सा रबराच्या झाकणाच्या दुसऱ्या डबीत, दोन्ही नेहमीपेक्षा दुप्पट. चार चपात्या जाळीवर निवलेल्या, कपड्यात गुंडाळून. वेळेवर डबा पोचला, ही त्यातली एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली.

योगिनी लवूजवळ डबा देऊन निघून येणार होती. पण तिचे पाय जिन्यातच थांबले.  आतून नाटेकरांचा आवाज आला. हे काय आहे, असं ते विचारत होते.

वानखडे टेबलाशी बसले होते. त्यांच्यासमोर त्यांचं झाकण होतं, त्यात वड्या, वर रस्सा. त्यांनी आधी स्वतः एक घास घेतला, जे टेबलाच्या रीतीला सोडून होतं, पण त्यांना आधी खात्री करायची होती.  

"ही पाटोडी नाही," वानखडे म्हणाले.

"मग काय आहे?" मनस्वीने विचारलं.

"ते मला सांगता यायचं नाही. असं आमच्याकडे कोणी करणार नाही. पाहुण्याला असं वाढलं तर पाहुणा उठून जाईल." त्यांनी झाकण नाटेकरांकडे सरकवलं. "घ्या."

झाकण फिरलं. आमसूल कोणी घातलं यावर वाद झाला. गुणवंती मॅडमचं मत पडलं की बेसन आणि सोलं एकत्र येऊ नयेत, पण हे सांगताना त्यांनी दुसरी वडी घेतली. एकाने विचारलं की यवतमाळला खरी पाटोडी कशी असते. वानखडे सांगायला लागले. आधी हळू, मग हातांनी दाखवत, तिखट किती, तर्री कशी वर येते, लग्नात कढई केवढी असते. ते त्या शाखेत आल्यापासून एका वेळी एवढं बोललेले लवूने तरी ऐकले नव्हते. झाकण परत त्यांच्याकडे आलं तेव्हा ते रिकामं होतं, आणि त्यांच्यासमोर चार माणसांची चार झाकणं येऊन थांबली होती.

संध्याकाळी योगिनीला वानखड्यांचा मेसेज आला. उद्या पुन्हा द्या. पाटोडी नको, दुसरं काही चुकीचं द्या.

योगिनीने तो मेसेज येसूबाईंना वाचून दाखवला. येसूबाईंना त्यात कौतुकच दिसलं.

पुढचे आठ-दहा दिवस वानखड्यांचा एकच डबा त्या जिन्यावरून वर जात होता. महिना संपत आला होता. मालकाने पुन्हा विचारलं, या वेळी प्रेम जरा कमी होतं. एका डब्यावर जागा ठेवता येत नाही हे योगिनीला कळत होतं. तिने तक्त्यांचा गठ्ठा घेतला, चुलीजवळ नेला, मग प्लॅस्टिकचा वास येईल म्हणून कचऱ्यात टाकला. येसूबाईंना तिने विचारलं, दोन भाज्यांऐवजी रोज चार केल्या तर?

येसूबाई म्हणाल्या, चार भाज्या म्हणजे चार फोडण्या. चार कढया घासायच्या. बारा डब्यांना चार भाज्या करणारा माणूस आजारी तरी असतो नाहीतर खुळा तरी.

योगिनी म्हणाली, भाजी तेवढीच लागेल. मोठ्या दोन कढयांऐवजी छोट्या चार. आणि तसं नाही केलं तर मी पूर्णगडला जाईन आणि तुम्ही कुठे जाल ते मला माहीत नाही.

तो प्रश्न अखेर निघाला होता. येसूबाईंनी विळी पुढे ओढली. छोटी कढई एकच आहे, त्या म्हणाल्या, तीन आण.

योगिनी पुन्हा त्या टेबलासमोर उभी राहिली. आता तिच्याजवळ नमुना नव्हता, तक्ता नव्हता आणि आधी काय सांगायचं हेही ठरलेलं नव्हतं.

"चव तुम्ही बघितलीय," ती म्हणाली. "पावणेएकचं आणि दोन डब्यांचं मी सांगितलं तसंच राहील. भाजी कुठली ते सांगणार नाही. शेजारी बसणाऱ्या दोघांच्या डब्यात एकच भाजी येणार नाही, एवढं बघेन. तुम्ही कोण कुठे बसता ते लवूभाऊंनी सांगितलंय."

"जागा बदलली तर?" नाटेकरांनी विचारलं.

"आदल्या दिवशी मेसेज करा."

नाटेकरांनी यावर विचार केला. त्यांना अट रीतसर वाटली.

मनस्वीने डबा लावला. ती मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि तिच्या झाकणात रोज बटाटाच असायचा, याचा टेबलाला कंटाळा आला होता. कोपऱ्यातल्या दोघांनी लावला, त्यातल्या एकाची आई गावी गेली होती. गुणवंती मॅडमनी आठवड्यातून तीन दिवसांचा मागितला आणि ते तीन दिवस घरी सांगू नका म्हणाल्या. आणखी एक-दोन झाले. खालच्या मजल्यावरच्या पतसंस्थेतूनही कोणीतरी वर येऊन नाव देऊन गेलं, कारण गेले काही दिवस छतातून पाटोडीबद्दल ऐकू येत होतं. नाटेकरांनी लावला नाही. घरी विषय काढायची सोय नाही, असं त्यांनी सांगितलं.

जागा ठेवायला हे पुरत होतं. अगदी सैल नव्हतं, पण पुरत होतं. योगिनीने मालकाला फोन केला. जावेलाही केला. जाऊ म्हणाली, बरं, मग खळ्यातल्या त्या बाजूला मी जवळा सुकत घालते.

त्या रात्री योगिनी दुसऱ्या दिवसाच्या भाज्या ठरवत होती. दुधी, चवळी, सुरण, कोबी. येसूबाई सुरणाला चिंच लावायची की आमसूल यावर एकट्याच वाद घालत होत्या. तेवढ्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे बाईचा आवाज होता, आणि तो कोणाला तरी धारेवर धरून नुकताच मोकळा झाला असावा.

"योगिनीवहिनी का? मी नाटेकर बोलतेय, विमावाल्यांची."

योगिनीने मनाची तयारी केली. आपल्यामुळे कोणाच्या घरात काही झालं असेल तर माफी कशी मागायची हे तिने शोधायला सुरुवात केली.

"उद्या तुम्ही काय करताय?" बाईंनी विचारलं.

योगिनीने तिथल्या तिथे चारही नावं सांगितली. टेबलाला न सांगायची अट होती, घरच्या बायकांबद्दल काही ठरलं नव्हतं.

"बघा, वाटलंच मला. सुरण मी चिरून ठेवलाय. आमच्या ह्यांच्या डब्यात सुरण जाणार आहे. आणि ते तुमच्या त्या यवतमाळवाल्यांच्या शेजारीच बसतात. तुम्ही सुरण बदला."

"बदलते."

"भोपळा करा. भोपळा उद्या कोणाकडेच नाही. गुणवंतीच्या सासूबाईंना मी विचारलंय, त्या मेथी देतायत. यापुढे रात्री आठच्या आत मला फोन करत जा, म्हणजे घोळ व्हायचा नाही. आम्ही सगळ्या तसंच करतो."

फोन ठेवून योगिनीने येसूबाईंना सांगितलं की सुरण नको, भोपळा. येसूबाईंनी विचारलं, का? नाटेकरवहिनींचा सुरण चिरून झालाय, योगिनी म्हणाली. येसूबाईंना हे कारण पुरेसं वाटलं. त्यांनी सुरण टोपलीत परत ठेवला आणि भोपळ्याची फोड काढायला त्या आत गेल्या.